भांडायचंच तर ओल्या मालावर भांडा

*आमचं तयार कपड्यांचं घाऊक दुकान. हिशेबाचं वर्ष सुरू होऊन सात महिने झाले होते आणि एका रात्री आग लागली. वह्या आणि बिलं वाचली, पण स्टॉक रजिस्टर आम्ही कधी ठेवलंच नव्हतं. मागच्या वर्षी ढोबळ नफा 23 टक्के होता, त्यावरून आमच्या हिशेबनिसांनी आगीच्या दिवशी साडेएकवीस लाखांचा माल होता असं काढलं. विमा कंपनीच्या सर्व्हेअरनी नफ्याचा दर परस्पर 25 टक्के केला आणि माल 20 लाखांवर आणला. त्यातून वाचलेला माल 2 लाखांचा धरून वजा केला. नुकसान 18 लाखांचं झालं हे त्यांनाही मान्य आहे, पॉलिसी 16 लाखांची आहे, तरी देतायत 14 लाख 40 हजार. वाचलेल्या 2 लाखांत ओला, काळवंडलेला मालही 80 हजारांचा धरलाय, आणि तो घ्यायला आलेला माणूस 30 हजारांच्या वर जात नाही. माझे दीर म्हणतात, साडेएकवीस लाखांसाठी कोर्टात जाऊ. काय करावं? सगळे कागद सोबत जोडले आहेत.*

*– एक वाचक*

ताई, दिरांना आधी एक विचारा. समजा उद्या सर्व्हेअरनी हात टेकले आणि साडेएकवीस लाख जसेच्या तसे मान्य केले, तर क्लेम कितीने वाढेल? दीड लाखाने वाढेल असं त्यांना वाटत असणार. वाढेल जेमतेम अकरा हजारांनी. आणि पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलेल्या ओल्या मालाच्या वादात चाळीस हजार आहेत. हे असं का होतं ते समजलं की कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी नफ्याच्या दराचं बघू, कारण तुमचा मुख्य राग तिथे आहे.

जळालेला माल मोजता येत नाही, म्हणून तो मागच्या दाराने काढावा लागतो. वर्षाच्या सुरुवातीला किती माल होता ते माहीत आहे. आगीपर्यंत किती खरेदी केली ते बिलांवरून कळतं. दोन्हींची बेरीज म्हणजे दुकानात एकूण आलेला माल. त्यातला जो विकला गेला तो वजा केला की उरला तो दुकानात असायला हवा. अडचण एवढीच की विक्रीचा आकडा विक्रीच्या भावात असतो, त्यात नफा मिसळलेला असतो, आणि माल तर खरेदीच्या भावात काढायचा असतो. म्हणून विक्रीतून ढोबळ नफा बाजूला काढतात. त्यासाठी मागच्या वर्षीचा दर वापरतात. एवढंच ते गणित. हिशेबनीस त्याला मेमोरँडम ट्रेडिंग अकाउंट म्हणतात.

आता यात एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. नफ्याचा दर जितका जास्त, तितका विकलेल्या मालाचा खरेदीभाव कमी, आणि तितका दुकानात उरलेला माल जास्त. म्हणजे सर्व्हेअरनी 23 चे 25 टक्के केले ते तुमच्या फायद्याचं केलं. तुमची सात महिन्यांची विक्री 50 लाखांची आहे; दर एका टक्क्याने सरकला की माल अर्ध्या लाखाने सरकतो. दोन टक्क्यांनी तुमचा स्टॉक जवळजवळ एक लाखाने वाढलाय. ज्या माणसावर तुम्ही चिडला आहात त्याने तुमच्या हिशेबनिसांपेक्षा तुमची बाजू नीट मांडली आहे.

पण 25 आले कुठून? ते तुमच्याच कागदांत आहेत. मागच्या वर्षी विक्री 80 लाख आणि ढोबळ नफा 18 लाख 40 हजार, म्हणजे 23 टक्के. आता वर्षअखेरच्या स्टॉकच्या यादीत शेवटचं पान बघा. तिथे जुन्या फॅशनची जॅकेटं आहेत. खरेदी 2 लाख 80 हजारांची, पण ती खपत नाहीत म्हणून तुमच्याच हिशेबनिसांनी त्यांची किंमत 1 लाख 20 हजार लावली. ते बरोबरच केलं. मात्र त्यामुळे 1 लाख 60 हजारांचा तोटा मागच्या वर्षाच्या नफ्यातून गेला. तो तोटा काही रोजच्या विक्रीत झालेला नाही. शर्ट विकताना तुम्ही 23 टक्के नफा घेत नव्हता. तो तोटा परत मिळवला की नफा होतो 20 लाख, आणि 80 लाखांवर 20 लाख म्हणजे बरोबर 25 टक्के. तुमचा खरा, चालू मालाचा दर हा आहे.

(जाता जाता: हे 25 टक्के विक्रीवरचे आहेत, खरेदीवरचे नव्हेत. पाऊणशेची वस्तू शंभराला विकली की विक्रीवर 25 टक्के होतात आणि खरेदीवर 33 टक्क्यांहून थोडे जास्त. दुकानात आपण खरेदीवर किती चढवायचं या भाषेत बोलतो आणि नफा-तोट्याच्या हिशेबात विक्रीवर लिहितो. या दोन दरांची गल्लत करून अडीच लाखांचा माल कागदावरून गायब केलेले हिशेब मी पाहिले आहेत. तुमच्या हिशेबात ती चूक नाही.)

दर साफ केला तरी तो सगळ्या मालाला लावता येत नाही. जॅकेटांना तर नाहीच. या सात महिन्यांत त्यातली निम्मी तुम्ही काढून टाकलीत, सगळी मिळून 40 हजारांना. वह्यांत त्या निम्म्यांची किंमत 60 हजार होती. त्यांच्यावर 25 टक्के नफा झाला असं धरणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. म्हणून सर्व्हेअरनी जॅकेटं वेगळ्या रकान्यात नेली आणि बाकीच्या मालाचा हिशेब स्वतंत्र केला. तो असा:

सुरुवातीचा माल 18 लाख, त्यातून जॅकेटांचे 1 लाख 20 हजार काढले, राहिले 16 लाख 80 हजार. खरेदी, वाहतुकीसह, 42 लाख. त्यातून 2 लाख काढले (का ते पुढे सांगतो), राहिले 40 लाख. एकूण 56 लाख 80 हजार. विक्री 50 लाख, त्यातून जॅकेटांचे 40 हजार काढले, राहिले 49 लाख 60 हजार. त्यावर 25 टक्के नफा 12 लाख 40 हजार, म्हणजे विकलेल्या मालाचा खरेदीभाव 37 लाख 20 हजार. 56 लाख 80 हजारांतून तो वजा केला की 19 लाख 60 हजार उरतात.

राहिलेली निम्मी जॅकेटं वह्यांत 60 हजारांची. पण त्यांच्याच जोडीची निम्मी आत्ताच 40 हजारांना गेली, तेव्हा हीही 40 हजारांचीच. एकूण 20 लाख. आकडा हवेतून आलेला नाही हे मान्य करायला हरकत नाही.

आता ते 2 लाख. तुमच्या खरेदीत आगीच्या दोन दिवस आधीच्या तारखेचं एक 2 लाखांचं बिल आहे. पण त्याच मालाची बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, बघा. माल तुमच्याकडे पोचलाय आगीनंतर चौथ्या दिवशी. आग लागली तेव्हा तो ट्रान्सपोर्टच्या गोदामात किंवा रस्त्यावर होता. बिल वहीत चढलं म्हणून हिशेबनिसांनी तो दुकानातला माल धरला. हे मुद्दाम कुणी करत नाही. बिल टपालाने किंवा फोनवर आधी येतं, माल मागून येतो, आणि मधल्या दिवसांत आग लागली तर कागदावर जळालेला आणि प्रत्यक्षात धडधाकट असा माल तयार होतो. सर्व्हेअर हे सगळ्यात आधी शोधतात. शेवटच्या पंधरा दिवसांची खरेदीची बिलं घेतात, प्रत्येकाला बिल्टी आणि आवक पावती लावतात. ज्याला जोडी सापडत नाही ते वेगळं ठेवतात. तुम्हीही तेच करा, पण उलट्या बाजूने: आवक झाली पण बिल चढलंच नाही असं काही आहे का. असलं तर ते तुमच्या बाजूचं. विकल्याचं बिल फाडलं पण गिऱ्हाइकाने गठ्ठा उचलला नव्हता, किंवा पसंत पडला तर ठेवण्याच्या बोलीवर जांगड दिलेला माल दुसऱ्याकडे सुखरूप पडला होता, हेही याच वेळी बघून घ्यावं. घरच्यांसाठी उचललेले कपडे खरेदीतून वजा होतात, ते तुम्ही केलेलेच आहेत.

म्हणजे तुमच्या साडेएकवीस लाखांत तीन चुका होत्या, आणि त्या विरुद्ध दिशांना होत्या. न आलेल्या मालाने आकडा 2 लाखांनी फुगला, जॅकेटं बाकीच्या मालात मिसळल्याने आणखी अर्ध्या लाखाने फुगला, आणि मळक्या दराने एक लाखाने आकसला. कोर्टात हा आकडा घेऊन उभं राहिलात तर पहिल्याच तारखेला बिल्टी पुढे येईल, आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांकडेही लोक संशयाने बघतील.

इथे थोडं थांबून एक अप्रिय गोष्ट बोलतो; तुम्ही विचारली नाही, पण दिरांना वाचून दाखवा. या पद्धतीत बिनबिलाची विक्री ही दुधारी असते. समजा कुणी चार लाखांचा माल कच्च्या चिठ्ठीवर विकला. वहीत विक्री कमी, म्हणून हिशेबातून निघणारा उरलेला माल तीन लाखांनी जास्त. कागदावर क्लेम वाढला म्हणून तो खूश. पण सर्व्हेअर फक्त वह्या बघत नाही. तो दुकानात फळ्यांची लांबी-उंची मोजतो, एका खणात किती गठ्ठे मावतात ते बघतो, राख चाळून बघतो. कपडा जळतो, पण चेनचे दात, धातूची बटणं, कॉलरमधल्या पट्ट्या, हँगरचे हूक मागे राहतात. जॅकेटांच्या राखेत वितळून गोळा झालेल्या चेनी मी स्वतः हाताने वेगळ्या केल्या आहेत. त्यांच्या वजनावरून नगांचा अंदाज शंभर टक्के बरोबर येत नाही, पण पाचशे आणि दोन हजार यांतला फरक सहज कळतो. कागदावरचा माल जागेत मावत नाही असं दिसलं की पुढचे प्रश्न फार टोकदार होतात. खोटा क्लेम केला तर पॉलिसीच्या अटींनुसार सगळाच क्लेम बुडू शकतो, खरा भागसुद्धा.

तुमच्या दुकानात तसं काही दिसलं नाही, आणि 20 लाखांचा आकडा जुळतो आहे. मग 14 लाख 40 हजार कसे?

पॉलिसीच्या अटींमध्ये एक कलम असतं, त्याला अ‍ॅव्हरेज क्लॉज म्हणतात. त्याचा अर्थ असा: 20 लाखांचा माल ठेवायचा आणि विमा 16 लाखांचा काढायचा, म्हणजे मालाचे 80 टक्के कंपनीच्या जबाबदारीवर आणि 20 टक्के तुमच्या स्वतःच्या. हप्ताही तुम्ही 16 लाखांचाच भरलात. मग जे काही नुकसान होईल, लहान असो वा मोठं, त्यातले 80 टक्के कंपनी देणार. 18 लाखांचे 80 टक्के म्हणजे 14 लाख 40 हजार.

सूत्र लिहून ठेवा:

क्लेम = नुकसान × विम्याची रक्कम ÷ आगीच्या दिवशीचा एकूण माल

पॉलिसीच्या रकमेपर्यंतचं नुकसान कंपनी भरून देते असा लोकांचा समज असतो. हे कलम असेल तर विमा पुरता नसताना पूर्ण 16 लाख फक्त एकाच वेळी मिळतात: सगळाच्या सगळा माल खाक झाला आणि काडीही वाचली नाही तर. तुमचा काही माल वाचला, म्हणून 16 मिळत नाहीत. यात सर्व्हेअरची मनमानी नाही. फक्त तुमच्या पॉलिसीच्या मागच्या पानांवर एक बघून घ्या: काही पॉलिसींत कमी विम्याचं प्रमाण थोडंच असेल तर त्याकडे दुर्लक्ष करण्याची सवलत लिहिलेली असते. किती टक्क्यांपर्यंत ते तिथेच दिलेलं असतं. तुमची तूट मालाच्या पाचव्या हिश्शाएवढी आहे, त्यामुळे ती सवलतीत बसेलच असं नाही, पण वाचल्याशिवाय सोडू नका. शिवाय शेवटी पॉलिसीतली तुमच्या वाट्याची ठरावीक वजावट कापली जाईल, तिने दचकू नका.

आता सूत्राकडे परत बघा, कारण सगळी गंमत तिथे आहे. माल हा आकडा त्यात दोनदा येतो. नुकसान म्हणजे माल उणे वाचलेला माल, म्हणून तो वरती आहे. आणि खालीही भागायला तोच आहे. तुम्ही माल वाढवून सांगितलात की नुकसान वाढतं, पण त्याच वेळी विमा आणखी तोकडा ठरतो. साडेएकवीस लाख धरून करून बघा: नुकसान साडेएकोणीस लाख, गुणिले 16, भागिले साडेएकवीस. उत्तर 14 लाख 51 हजार. दीड लाखाच्या मालासाठी भांडून अकरा हजारच पदरात पडले. कोर्टातल्या पहिल्या दोन खेपांचा खर्चही त्यातून निघायचा नाही.

उलटही खरं आहे. सर्व्हेअरनी माल आणखी 2 लाखांनी कमी करून 18 लाख धरला असता, तर क्लेम 14 लाख 22 हजार झाला असता. म्हणजे दोन लाखांच्या कपातीने तुमचे अठरा हजार गेले असते. विमा तोकडा असला की मालाचा आकडा असा बोथट होतो. तुमचा विमा जर 22 लाखांचा असता तर चित्र अगदी वेगळं दिसलं असतं. तेव्हा मालातला प्रत्येक लाख म्हणजे क्लेममधला एक लाख, नफ्याच्या दरातला प्रत्येक टक्का म्हणजे अर्धा लाख. आणि मी तुम्हाला सांगितलं असतं की आगीआधीच्या महिन्यातली तीसेक विक्रीची बिलं काढा, प्रत्येक नगाचं खरेदीचं बिल शोधा आणि दर स्वतः तपासा, कारण यंदा खरेदीचे भाव चढले आणि तुम्ही विक्रीचे चढवले नाहीत तर मागच्या वर्षीचा दर यंदा लागूच होत नाही. तुमच्या बाबतीत ती मेहनत वाया जाईल.

सूत्रात एकदाच येणारा आकडा कोणता? वाचलेला माल. तो फक्त वर आहे, वजा होतो. तो एक लाखाने कमी झाला की क्लेम 80 हजारांनी वाढतो. मालाच्या एका लाखाला तुमच्याकडे जेमतेम सात-आठ हजारांची किंमत आहे आणि वाचलेल्या मालाच्या एका लाखाला 80 हजारांची. म्हणून म्हटलं, तिथे भांडा.

त्या 2 लाखांत दोन भाग आहेत. माडीवरचा कोरडा, शाबूत माल 1 लाख 20 हजारांचा, आणि पाणी-धुराने बिघडलेला 80 हजारांचा.

पहिल्या भागात एकच गोष्ट तपासा. 1 लाख 20 हजार हे खरेदीच्या भावाने धरलेत की नगांवर लावलेल्या विक्रीच्या चिठ्ठ्यांवरून? मोजायला आलेला पोरगा हातात यादी घेऊन फळ्यांसमोर उभा राहतो तेव्हा त्याला समोर चिठ्ठीच दिसते, खरेदीचं बिल नाही. घाईत तोच आकडा उतरतो. तुम्ही पाठवलेल्या यादीच्या फोटोत पहिलेच दोन भाव बघा. गोल आकड्याला एक कमी अशा किमती आहेत. खरेदीच्या बिलात असे भाव सहसा नसतात. ती यादी विक्रीच्या भावाने असली तर 25 टक्के काढल्यावर खरा आकडा 90 हजार होतो, आणि तुमचा क्लेम 24 हजारांनी वाढतो. दहा नगांची खरेदीची बिलं त्यांच्या चिठ्ठ्यांच्या फोटोसोबत लावली की मुद्दा सिद्ध होतो.

दुसरा भाग जास्त चिकट. ओल्या मालाला बाजारभाव नसतो. सर्व्हेअरनी खरेदीभावाचा काही हिस्सा अंदाजाने धरलाय. त्या अंदाजाला अंदाजाने उत्तर देऊ नका. 'आम्हाला तर 30 हजारांच्या वर कुणी देत नाही' हे तोंडी वाक्य आहे. त्याचा कागद करा. असा माल घेणाऱ्या आणखी दोन-तीन जणांना बोलवा, माल दाखवा आणि प्रत्येकाकडून तारीख, नगांची संख्या आणि रक्कम लिहिलेलं सहीचं पत्र घ्या. सगळ्यात चांगलं म्हणजे कंपनीला लेखी विचारा की हा माल आलेल्या सर्वात मोठ्या बोलीला विकायची परवानगी द्या, नाहीतर तुम्ही 80 हजारांना घेऊन जा. माल नेण्याची कंपनीवर सक्ती नाही, पण हा प्रश्न कागदावर आला की 80 हजारांचा आग्रह बऱ्याचदा मऊ पडतो. बोली 30 हजारांवर थांबली तर वाचलेला माल 2 लाखांचा दीड लाख होतो, नुकसान साडेअठरा लाख, आणि त्याचे 80 टक्के म्हणजे 14 लाख 80 हजार. हेच ते सुरुवातीला सांगितलेले चाळीस हजार. मोठी बोली 45 हजारांची आली तर 45 धरा, लपवू नका.

आणि लेखी परवानगी हातात येईपर्यंत त्यातलं एकही बोचकं हलवू नका. एका चपलांच्या दुकानदाराने, ओळखीतलाच, वास सुटला म्हणून तिसऱ्या दिवशी सगळा भिजलेला माल कचरागाडीत घातला. दुकान स्वच्छ झालं. मग वाचलेल्या मालाची किंमत ठरवायला काहीच उरलं नाही, आणि कंपनीने आपल्या सोयीचा आकडा धरला. त्याच्याकडे फोटो होते, पण दुरून काढलेले. ढिगात किती जोड होते ते कुणालाच सांगता येईना. तुम्ही माल शक्य तेवढा वाळत घाला, काळवंडलेला आणि नुसता ओला असे दोन ढीग करा, नग मोजा, जवळून फोटो काढा. वाळवण्यासाठी, हलवण्यासाठी खर्च झाला तर त्याच्या पावत्या ठेवा. माल वाचवण्याचा वाजवी खर्च क्लेममध्ये मागता येतो का हे पॉलिसीत बघून तो वेगळा मागा.

सर्व्हेअरना पाठवायचं पत्र एका पानाचं करा. त्यात 20 लाखांचा आकडा आणि 80 टक्क्यांचं प्रमाण मान्य असल्याचं पहिल्याच ओळीत लिहा. हे लिहायला दिरांना जड जाईल, मला कल्पना आहे. पण तुम्ही जिथे ते बरोबर आहेत तिथे मान्य केलंत की उरलेल्या दोन मुद्द्यांवर त्यांना तुमचं म्हणणं नीट वाचावंच लागेल. मग चिठ्ठ्यांचा मुद्दा, मग ओल्या मालाच्या बोल्या, कागद जोडलेले. दोन्ही मुद्दे तुमच्या बाजूने सुटले तर वाचलेला माल 1 लाख 20 हजारांवर येतो आणि क्लेम 15 लाख 4 हजारांवर जातो.

दरम्यान कंपनीकडून 14 लाख 40 हजारांचं व्हाउचर सहीसाठी येईल. त्यावर 'पूर्ण आणि अंतिम' असे शब्द छापलेले आहेत का ते बघा. असतील तर पत्राचं उत्तर येईपर्यंत सही करू नका. पैशांची फारच निकड असेल तर मान्य रक्कम अंशतः म्हणून आत्ता द्या आणि वाचलेल्या मालाचा मुद्दा खुला ठेवा, अशी लेखी मागणी करा.